तीन लाखांत काय बसवायचं? ठरलेल्या पैशांच्या छोट्या कामासाठी मॉस्को पद्धत

पैसे ठरलेले, तारीख ठरलेली आणि करायच्या कामांची यादी मात्र वाढतच चाललेली, अशा प्रकल्पात भांडण बहुतेक वेळा शेवटच्या महिन्यात होतं. तोपर्यंत पैसे संपत आलेले असतात. जे सोपं किंवा मिरवण्यासारखं होतं ते झालेलं असतं आणि ज्याच्यासाठी सगळा घाट घातला ते अर्धवट असतं. करायची कामं चार कप्प्यांत वाटणारी मॉस्को पद्धत हे भांडण पहिल्या आठवड्यात, एकही रुपया खर्च होण्याआधी करायला लावते. तिचा खरा उपयोग तेवढाच आहे, पण तो मोठा आहे.

रशियाच्या राजधानीशी या नावाचा संबंध नाही. मस्ट, शुड, कुड आणि वोन्ट या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांमध्ये उच्चार सोपा व्हावा म्हणून दोन ओ घातलेले आहेत. डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ओरॅकलच्या ब्रिटनमधल्या शाखेत काम करताना ती मांडली आणि पुढे प्रकल्प राबवण्याच्या डीएसडीएम या कार्यपद्धतीने ती आपलीशी केली. इथे मी चार कप्प्यांना 'हवंच', 'हवं', 'जमलं तर' आणि 'या खेपेला नाही' म्हणणार आहे.

बरेच जण या चार कप्प्यांकडे महत्त्वाची उतरंड म्हणून पाहतात. पैसे बांधलेले असतील तेव्हा त्यांच्याकडे राखीव निधी म्हणून पाहावं. तारीख हलत नाही, पैसे वाढत नाहीत, कामाचा दर्जा पाडायचा नाही, मग अंदाज चुकला की तो धक्का कोण सोसणार? 'जमलं तर' आणि गरज पडली तर 'हवं' या कप्प्यांतली कामं. ती सोडता यावीत म्हणूनच यादीत ठेवायची असतात. हे ध्यानात असलं की पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण आपोआप कळतं.

उदाहरण कशाचं?

तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय धरू. १४,००० पुस्तकं, ६०० सभासद, एक ग्रंथपाल, एक सहायक. एका देणगीदाराने संगणकीकरणासाठी ३,००,००० रुपये दिले आहेत आणि त्यापलीकडे एक पैसाही मिळणार नाही. वर्गणीचं वर्ष एप्रिलपासून सुरू होतं, म्हणून १ एप्रिलपर्यंत काम व्हायला हवं. आता डिसेंबर लागला आहे. पुढे येणारे दर उदाहरणापुरते आहेत. तुमच्या गावात कोटेशन मागवाल तेव्हा आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

पायरी पहिली: एक वाक्य आणि दोन थैल्या

कामांची यादी करण्याआधी हेतूचं एक वाक्य लिहून त्यावर कार्यकारिणीच्या सह्या घ्या. 'वाचनालयाचं आधुनिकीकरण' हे वाक्य इथे उपयोगाचं नाही, कारण त्यात सीसीटीव्हीपासून वातानुकूलनापर्यंत काहीही बसतं. आपलं वाक्य असं: '१ एप्रिलपासून पुस्तकांची देवघेव संगणकावर होईल आणि रोजची देवघेव नोंदवही बंद होईल.' दुसरा अर्धा भाग मुद्दाम घातला आहे. वही चालूच राहिली तर संगणक नुसता शोभेला राहतो आणि कर्मचाऱ्यांचं काम दुप्पट होतं. पुढे एखादं काम 'हवंच' आहे की नाही हा वाद होईल तेव्हा निवाडा या वाक्यावर होईल.

मग थैल्या मोजा. पैशांची थैली सगळ्यांना दिसते. माणसांच्या तासांची थैली कुणाच्या लक्षात येत नाही, आणि छोटे प्रकल्प अडतात ते तिथेच. ग्रंथपाल आणि सहायक यांनी वाचनालय सांभाळून रोज दोन-दोन तास दिले तर डिसेंबर ते मार्चच्या साधारण १०० कामाच्या दिवसांत ४०० तास होतात. सुट्ट्या, आजारपण, वार्षिक अहवालाची धावपळ वजा करून ३०० धरा. पुस्तक कपाटातून काढणं, धूळ पुसणं, नोंद करणाऱ्याच्या हाती देणं आणि पुन्हा जागेवर लावणं याला दर पुस्तकामागे दीड मिनिट लागतं असं मानलं, तर १४,००० पुस्तकांना ३५० तास होतात. म्हणजे पैशांचा विषय निघण्याआधीच कळलं की सगळी पुस्तकं १ एप्रिलपर्यंत होतील अशी खात्री देता येत नाही. ही गोष्ट डिसेंबरमध्ये कळलेली बरी.

पायरी दुसरी: यादी, किमतीसकट

किंमत न लिहिता केलेली वर्गवारी म्हणजे इच्छांची यादी. प्रत्येक कामापुढे जीएसटीसह पूर्ण आकडा लिहा. तोंडी सांगितलेल्या दरात अनेकदा कर धरलेला नसतो आणि सेवांवर तो सहसा १८ टक्के असतो. तीन लाखांच्या कामात हा फरक एखादं अख्खं काम खाऊन टाकतो.

कार्यकारिणीच्या बैठकीत निघालेली यादी अशी:

- काउंटरचा संगणक आणि छोटा यूपीएस: ४८,०००
- सॉफ्टवेअर बसवणं, मुदत-दंड-वर्गणीचे नियम त्यात भरणं: ३६,०००
- १४,००० पुस्तकांच्या नोंदी, पुस्तकामागे ७ रुपये: ९८,०००
- ६०० सभासदांच्या नोंदी, सभासदामागे १० रुपये: ६,०००
- बारकोड: लेबलं छापून चिकटवणं पुस्तकामागे ३ रुपये, शिवाय ४,००० चा स्कॅनर: ४६,०००
- घरबसल्या मोबाइलवर दिसणारी पुस्तकांची यादी, एक वर्षाचा खर्च: १८,०००
- मुदत संपल्याचे एसएमएस: १२,०००
- वाचकांसाठी दुसरा संगणक: ४०,०००
- सभासदांची फोटो ओळखपत्रं: १८,०००
- दुर्मिळ पुस्तकांचं स्कॅनिंग: ६०,०००

बेरीज ३,८२,०००. सॉफ्टवेअर म्हणून कोहा धरलं आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयासाठी तयार झालेलं आणि २००० मध्ये वापरात आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, देवनागरीत चालतं आणि त्याला परवाना शुल्क नाही. वरचे ३६,००० जातात ते बसवणाऱ्या माणसाला. चोराला दारात पकडणारी आरएफआयडीची कमानही कुणीतरी सुचवली होती. तिची किंमत ऐकून तिला यादीत न घेता थेट चौथ्या कप्प्यात टाकलं.

आता अशी यादी हाती आली की एक प्रश्न विचारा: इथे काय लिहिलेलंच नाही? ज्या कामांना चेहरा नसतो ती कुणी सुचवत नाही. या यादीत तीन राहिली आहेत. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, १०,०००. रोजच्या माहितीची प्रत ठेवायला दोन हार्ड डिस्क, एक वाचनालयात आणि एक बाहेर, १०,०००. आणि झालेल्या नोंदी तपासून घेणं, १२,०००. बेरीज ४,१४,०००. तीन लाखांचं काम, आणि यादी सव्वाचार लाखांच्या घरात.

पायरी तिसरी: सगळ्या चिठ्ठ्या आधी 'या खेपेला नाही' मध्ये

वर्गवारी करायला बसलात की कामं वरून खाली आणू नका, खालून वर न्या. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहा, सगळ्या चिठ्ठ्या शेवटच्या कप्प्यात ठेवा आणि ज्याला जी वर न्यायची असेल त्याने कारण सांगून न्यावी. उलट दिशेने बसलात तर प्रत्येक चिठ्ठीवर कुणाचा तरी जीव असतो आणि ती खाली ढकलणाऱ्याला वाईटपणा येतो. खालून वर जाताना बोलायची जबाबदारी मागणाऱ्यावर राहते.

'हवंच' मध्ये जायला एकच प्रश्न: हे झालं नाही तर १ एप्रिलला काय होईल? 'मग सुरूच करण्यात अर्थ नाही', 'ते बेकायदा ठरेल' किंवा 'ते सुरक्षित राहणार नाही' असं उत्तर असेल तरच चिठ्ठी वर जाते. 'त्रास होईल', 'बरं दिसणार नाही' ही उत्तरं पुरत नाहीत. आणि लगेच जोडीचा प्रश्न: हे नसताना, हाताने का होईना, निभवायची काही सोय आहे का? असेल तर ते काम 'हवंच' नाही, मग ती सोय कितीही कटकटीची असो.

बारकोडवर हा प्रश्न कसा चालतो ते पाहू. बैठकीत संवाद साधारण असा होतो.

ग्रंथपाल बाई म्हणतात, "बारकोडशिवाय संगणकीकरण कसलं? संध्याकाळी सहाला दहा-दहा माणसं उभी असतात."

"बाई, बारकोड नसला तर पुस्तक देता येणार नाही का?" हा प्रश्न सचिवांचा.

"येईल की. पुस्तकावर लिहिलेला दाखल क्रमांक टाइप करावा लागेल."

"किती वेळ जातो?"

"चार-पाच आकडे टाकायचे. दहा-बारा सेकंद जास्त. कधी आकडा चुकेल."

इथे निर्णय झाला. देवघेव थांबत नाही, म्हणून बारकोड 'हवंच' मध्ये नाही. रोज त्रास होतो, म्हणून 'हवं' मध्ये. यावर बाई एक रास्त मुद्दा काढतात: पुस्तक नोंदीसाठी हातात आलेलं असतानाच लेबल लावलं नाही, तर नंतर सगळी पुस्तकं पुन्हा कपाटातून काढावी लागतील. बरोबर आहे. पण नंतर महाग पडेल या कारणाने एखादं काम 'हवं' मध्ये पक्कं बसतं, त्यापुढे सरकत नाही. 'हवंच' ची दारं या एका कारणासाठी उघडली की पुढची दहा कामं त्याच दारातून आत येतात.

उलट बाजूने हार्ड डिस्कांची चिठ्ठी पाहा. तिच्यासाठी बैठकीत कुणी भांडत नाही. पण वही बंद केल्यावर संगणक बिघडला आणि प्रत नसली, तर कुठलं पुस्तक कुणाकडे आहे आणि कुणाची अनामत किती आहे हे सांगायला काहीच उरत नाही. निभवायची सोय नाही. चिठ्ठी थेट वर.

यूपीएस स्वस्त आहे म्हणून 'हवंच' मध्ये टाकावा असं वाटतं. किंमत हा निकष नाही. इथे तो संगणकाबरोबर गेला, कारण लिहिणं चालू असताना वीज गेली की माहिती बिघडण्याचा धोका असतो आणि आपण वही बंद करणार आहोत.

पायरी चौथी: ६० टक्क्यांची रेघ, आणि मोठी कामं फोडणं

वरचे प्रश्न विचारण्याआधीच्या पहिल्या फेरीत जे होतं ते या वाचनालयातही झालं असं धरू: संगणक, सॉफ्टवेअर, सगळ्या पुस्तकांच्या नोंदी, सभासद, बारकोड आणि ती तीन विसरलेली कामं, सगळी 'हवंच' मध्ये. बेरीज २,६६,०००, म्हणजे निधीच्या ८९ टक्के. डीएसडीएमचा सल्ला असा की 'हवंच' ची कामं एकूण श्रमांच्या ६० टक्क्यांपुढे जाऊ नयेत आणि 'जमलं तर' साठी साधारण २० टक्के असावेत. आपण तीच रेघ रुपयांना लावू: ३,००,००० चे ६० टक्के म्हणजे १,८०,०००.

६० हा आकडा कुठून आला असं वाटेल. त्यात गणिती सिद्धता नाही, अनुभव आहे. छोट्या कामांचे अंदाज निम्म्याने चुकणं हे नेहमीचं. १,८०,००० चं काम दीडपट महाग झालं तर २,७०,००० होतं आणि अजून निधीत बसतं. २,६६,००० चं काम सातव्या हिश्श्याने महाग झालं तरी ते निधीत मावत नाही.

रेघेच्या वर आलात तर कामं रद्द करत सुटण्याआधी मोठी कामं फोडा. माझ्या मते या पद्धतीतली सगळ्यात कसबाची जागा हीच. बारकोड आपण वर पाहिलाच. उरलेलं मोठं धूड म्हणजे ९८,००० ची पुस्तकनोंद. 'पुस्तकांच्या नोंदी' ही एक चिठ्ठी आहे तोवर ती पूर्ण वर किंवा पूर्ण खाली जाणार. पण १४,००० पुस्तकं सारखी फिरत नाहीत. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी असते. सहायकाने कपाटांसमोरून फिरून गेल्या तीन वर्षांत बाहेर गेलेली पुस्तकं वेगळी मोजली तर फिरती पुस्तकं कळतात. आपण ती ५,००० धरू. आणखी ५,००० संदर्भग्रंथ आणि कधीमधी मागितली जाणारी. उरलेली ४,००० जुनी, जीर्ण, काही तर बाद करण्याच्या लायकीची.

आता तीन चिठ्ठ्या झाल्या. फिरती ५,००० नोंदल्याशिवाय वही बंद होणार नाही, म्हणून 'हवंच'. चौकस वाचक इथे म्हणेल की पुस्तक द्यायला आणलं की त्याच वेळी नोंद करता येईल, मग ही तरी 'हवंच' कशी? दिवसाला दोन-चार पुस्तकांसाठी ही सोय चालते. संध्याकाळच्या गर्दीत प्रत्येक पुस्तकाला दोन-तीन मिनिटं गेली तर काउंटर बंद पडतो आणि आठवड्याभरात वही पुन्हा उघडते. म्हणूनच तीच सोय क्वचित जाणाऱ्या पुस्तकांना लागू पडते, फिरत्यांना नाही.

फोडून झाल्यावरचा आराखडा:

| कप्पा | कामं | रुपये |
|---|---|---|
| हवंच | संगणक-यूपीएस ४८,०००, सॉफ्टवेअर ३६,०००, फिरती ५,००० पुस्तकं ३५,०००, सभासद ६,०००, प्रशिक्षण १०,०००, हार्ड डिस्क १०,०००, तपासणी १२,००० | १,५७,००० |
| हवं | फिरत्या पुस्तकांना बारकोड, स्कॅनरसह १९,०००. दुसरी ५,००० पुस्तकं ३५,०००. त्यांना बारकोड १५,००० | ६९,००० |
| जमलं तर | जुनी ४,००० पुस्तकं २८,०००. त्यांना बारकोड १२,०००. मोबाइलवर यादी १८,०००. एसएमएस १२,००० | ७०,००० |
| शिल्लक | | ४,००० |

'हवंच' आता ५२ टक्क्यांवर आहे. तासांच्या थैलीशीही ताळा पाहा: पहिल्या १०,००० पुस्तकांना २५० तास, म्हणजे आपल्या ३०० मध्ये बसतात. शेवटची ४,००० धरली तर ३५० होतात, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरच जमणार. ती 'जमलं तर' मध्येच असायला हवीत हे दोन्ही थैल्या एका सुरात सांगतात.

खूप फोडूनही 'हवंच' ७५-८० टक्क्यांखाली येत नसेल तर हेतूचं वाक्य लहान करा किंवा काम सुरू करण्याआधी देणगीदाराकडे परत जा. काही कामांना ही पद्धत लागूच पडत नाही. विहिरीवरचा पंप किंवा इमारतीचं छप्पर घ्या: जवळपास प्रत्येक भाग 'हवंच' असतो, ढिलाई ठेवायला जागाच नसते. तिथे रोख राखीव रक्कम बाजूला ठेवणं हाच मार्ग.

'हवं' आणि 'जमलं तर' यांत फरक कसा करायचा

यावर फार वेळ घालवू नका. दोन्ही सोडता येतात. फरक दुखण्याचा आहे. नसल्यामुळे रोज, अनेकांना त्रास होत असेल तर 'हवं'. नसल्याचं क्वचित किंवा मोजक्यांनाच जाणवत असेल तर 'जमलं तर'. एसएमएस खाली गेला कारण मुदत संपल्याचा निरोप फोनवरून देता येतो, ज्यांचा ईमेल आहे त्यांना कोहातून ईमेल जाऊ शकतो, आणि भारतात संस्थेने असे एसएमएस पाठवायचे तर आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत नाव आणि मजकूर नोंदवावा लागतो, ज्याचा खटाटोप छोट्या संस्थेला जड जातो.

मोबाइलवरच्या यादीसाठी अध्यक्ष आग्रह धरतील, कारण उद्घाटनाच्या दिवशी दाखवण्यासारखी तीच एक गोष्ट आहे. तसा आग्रह गैर नाही. पण दाखवण्यासारखं काम आधी करून टाकण्याचा मोह इथूनच सुरू होतो. त्यावरचा उपाय सहाव्या पायरीत.

पायरी पाचवी: चौथा कप्पा लिहून ठेवा

'या खेपेला नाही' हा कप्पा तोंडी ठेवला की त्यातली कामं दर बैठकीत नव्याने जन्म घेतात. प्रत्येकापुढे कारण आणि पुन्हा कधी पाहायचं ते लिहा. वाचकांचा दुसरा संगणक: मोबाइलवर यादी आली तर गरज कमी होते, सहा महिने वापर पाहून ठरवू. फोटो ओळखपत्रं: जुन्या कार्डावरचा सभासद क्रमांक चालतो, पुढच्या वर्गणीच्या वेळी. दुर्मिळ पुस्तकांचं स्कॅनिंग: वेगळा निधी हवा, शिवाय भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, तेव्हा आधी पुस्तकं निवडावी लागतील. आरएफआयडी: या आकाराच्या वाचनालयात नाही.

या पानावर देणगीदाराचीही सही घ्या. देणाऱ्याच्या मनात स्कॅनिंगच असलं आणि आपण ते न सांगता वगळलं, तर एप्रिलमध्ये कुठलाही तक्ता उपयोगी पडणार नाही.

पायरी सहावी: खर्चाचा क्रम आणि वेगळ्या ऑर्डरी

तक्ता झाला तरी पैसे वाचले असं नाही. राखीव निधी तोवरच राखीव असतो जोवर त्याचा शब्द कुणाला दिलेला नाही. कंत्राटदाराला १४,००० पुस्तकांच्या नोंदीची आणि बारकोडची एकच ऑर्डर दिली, तर कागदावर तीन कप्पे असले तरी व्यवहारात सगळंच 'हवंच' झालं. ऑर्डर ५,००० ची द्या, दर पुढच्या ५,००० साठी आत्ताच लिहून घ्या, पण ती घेणं आपल्या मर्जीवर ठेवा. मोबाइलवरच्या यादीच्या होस्टिंगचे आणि एसएमएसचे पैसे फेब्रुवारीआधी भरू नका.

मधे एक तपासणीचा दिवस ठेवा. इथे तो जानेवारी अखेर धरू. त्या दिवशी प्रश्न एकच: 'हवंच' ची कामं संपायला अजून किती पैसे लागतील? झालेला खर्च आणि हा आकडा तीन लाखांतून वजा करून जे उरेल त्यातूनच 'हवं' ची पहिली ऑर्डर निघते.

'हवंच' चं एखादं काम खालच्या कप्प्यातल्या कामावर टेकलेलं आहे का, हेही ऑर्डरीआधी बघा. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने पुस्तकाची ओळख फक्त छापील बारकोडच्या क्रमांकाने लावायची ठरवली, तर बारकोड गुपचूप 'हवंच' मध्ये शिरतो. त्याला आधीच सांगा: दाखल क्रमांक हाच बारकोडचा क्रमांक. लेबल नसलं तरी तो टाइप करून काम चालतं आणि नंतर लेबल लावलं तर काही बदलावं लागत नाही.

जानेवारीत काय होतं

आता हिशेब बिघडवू. पहिली हजार पुस्तकं झाल्यावर कळतं की ७ रुपयांत मराठी युनिकोडमध्ये नीट टंकन करणारं माणूस टिकत नाही. जुन्या छपाईत लेखकाचं नाव एका पानावर एक, दुसऱ्यावर वेगळं असतं आणि नोंद करायला वेळ जातो. दर १० रुपये होतो. (दाखल नोंदवहीवरून टंकन करून घेतलं तर वेळ वाचेल असं कुणीतरी सुचवेल. करू नका. नोंदवहीत हरवलेली आणि बाद झालेली पुस्तकंही असतात. ती सगळी संगणकात जिवंत होतात. नोंद पुस्तक हातात घेऊनच.) शिवाय काउंटरजवळ अर्थिंग नाही, वायरिंगला ८,००० लागतात.

फिरत्या ५,००० चे १५,००० वाढले, वायरिंगचे ८,०००, म्हणजे 'हवंच' आता १,८०,०००. दुसऱ्या ५,००० चेही १५,००० वाढणार, म्हणजे 'हवं' ८४,०००. एकूण वाढ ३८,०००, हाताशी शिल्लक ४,०००, खड्डा ३४,००० चा. 'जमलं तर' मधली जुनी ४,००० पुस्तकं आणि त्यांचा बारकोड सोडला की ४०,००० मोकळे होतात. खड्डा भरतो, ६,००० उरतात, मोबाइलवरची यादी आणि एसएमएससुद्धा जागेवर राहतात. ती जुनी पुस्तकं वाचकांना बंद होत नाहीत. एखादं मागितलं गेलं की त्या दिवशी काउंटरवर त्याची नोंद होते. न मागितलेल्या पुस्तकांवर पैसे जातच नाहीत.

हाच धक्का पहिल्या फेरीतल्या २,६६,००० च्या 'हवंच' ला बसला असता तर? १४,००० पुस्तकांचे ४२,००० वाढले असते, वायरिंग ८,०००, बेरीज ३,१६,०००. सोडता येण्याजोगं काही नसल्यामुळे सोळा हजारांसाठी प्रशिक्षण किंवा तपासणी कापली गेली असती, कारण ती कापली तरी उद्घाटनाला कुणाला दिसत नाहीत.

नवी मागणी आली तर

फेब्रुवारीत कुणीतरी म्हणणारच, "बालविभागासाठी वेगळी रंगीत लेबलं करू या, फक्त पाच हजारांचं काम आहे." नकार देण्याची गरज नाही. तक्ता पुढे ठेवा आणि विचारा, याच्या बदल्यात काय काढायचं? पाच हजारांची मागणी आली तर पाच हजारांचं काम खाली जातं, आणि तासांच्या थैलीतूनही तेवढेच तास. बदलाबदल नेहमी त्याच कप्प्यातून किंवा खालच्या कप्प्यातून करा. नव्या 'जमलं तर' साठी जुनं 'हवं' काढू नका. उरलेले ६,००० दिसत असल्यामुळे मागणारा त्यांच्याकडे बोट दाखवेल. 'हवंच' ची शेवटची नोंद तपासून होईपर्यंत त्यांना हात लावू नये.

पद्धत कागदावरच राहिली आहे हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. चौथा कप्पा रिकामा असतो. दोन महिन्यांत एकही चिठ्ठी खाली गेलेली नसते. 'हवंच' चं काम अर्धवट असताना कुणीतरी मोबाइलवरच्या यादीच्या पानाचे रंग ठरवत असतं. यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात चिठ्ठ्या पुन्हा मांडा, आणि या वेळी फक्त उरलेले पैसे आणि उरलेले तास धरून.

मार्चअखेर 'हवंच' आणि 'हवं' पूर्ण होऊन काही रक्कम उरली, तर ती चौथ्या कप्प्यातल्या एखाद्या कामाचा अर्धा भाग करण्यात घालवू नका. १८,००० च्या ओळखपत्रांतली २०० सभासदांची करून ठेवली तर उरलेले ४०० विचारायला येतात. मोबाइलवरच्या यादीला दुसऱ्या वर्षीही होस्टिंग लागणार आहे. देणगीदाराची हरकत नसेल तर उरलेली रक्कम त्यासाठी ठेवा, आणि चौथ्या कप्प्याचं पान एप्रिलच्या बैठकीत पुढच्या देणगीच्या अर्जाला जोडा.